जुना कपडा काय झाकत होता?

[पडद्यावर: भिंतीपुढे उभा असलेल्या माणसाचा फोटो. कॅमेरा सावकाश कोटावर जातो.]

हा फोटो जरा निरखून बघा. माणसाच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा सैल, करडा कोट आहे. उजवा हात कोटाच्या खिशात आहे. मानेवरचे केस कॉलरवर रुळतायत. उजेड एका बाजूने येतोय, म्हणून दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर त्याची रुंद सावली पडलीये. फोटोत कपडे बदलायला त्याने स्वतः होकार दिलाय. तो होकार नसता, तर आम्ही या फोटोला हात लावला नसता.

त्याच्या अंगात आता अर्ध्या बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा निळा शर्ट दिसायला हवा.

चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलकडून हे करून घ्यायच्या तीन वाटा आहेत. इनपेंटिंगमध्ये कपड्यावर मास्क, म्हणजे बदलायच्या भागाची खूण, रंगवायचा आणि तेवढाच भाग नव्याने भरून घ्यायचा. सूचनेवरून एडिटिंग म्हणजे काय बदलायचं ते वाक्यात सांगायचं, मास्क लागत नाही. आणि तिसरी वाट म्हणजे सगळं चित्रच पुन्हा बनवायचं. यातली कुठली धरायची, हे लोक नव्या कपड्याकडे बघून ठरवतात. माझं मत असं, की आधी जुन्या कपड्याकडे बघावं. तो काय काय झाकत होता?

[पडद्यावर: कोटावर लाल मास्क रंगवला जातो.]

सोपं काम आधी बघू. समजा, करड्या कोटाच्या जागी तसाच सैल, पण तपकिरी लोकरीचा कोट हवाय. बाह्याकृती तीच, झाकलेलं अंग तेवढंच. इथे इनपेंटिंगला तोड नाही. मास्क कपड्याच्या कडेपेक्षा थोडा बाहेर काढायचा, कड मऊ ठेवायची. मग येतं डीनॉइझिंग स्ट्रेंथ, म्हणजे जुन्यातलं किती पुसायचं याचा आकडा. तो 0.4 च्या आसपास असला, तर जुन्या चुण्या राहतात आणि रंग-पोत थोडाच सरकतो. 1 केला, तर मास्कच्या आतलं जुनं काही उरत नाही. कोटावरून कोटावर जाताना 0.6 ते 0.75 पासून सुरुवात करावी, म्हणजे कोपराजवळची घडी जागच्या जागी राहते.

आणि चेहरा? तो मास्कच्या बाहेर आहे, त्यामुळे जवळपास सुरक्षित आहे. जवळपास म्हणण्याचं कारण असं: स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स थेट पिक्सेलवर काम करत नाहीत. ती 512 बाय 512 चं चित्र आधी 64 बाय 64 च्या जाळीत आवळतात आणि शेवटी पुन्हा उलगडतात. या जाण्यायेण्यात मास्कबाहेरचे बारीक तपशीलही किंचित हलतात. म्हणून मास्कबाहेरचा भाग मूळ फोटोतून परत वर बसवायचा. बरीच साधनं हे आपणहून करतात, तरी एकदा तपासून घ्यावं.

[पडद्यावर: तोच मास्क, आत निळा शर्ट. शर्ट विचित्र रुंद.]

आता त्याच मास्कमध्ये निळा शर्ट मागूया. बघा काय झालं. शर्ट आला, पण कोटाएवढा रुंद, आणि खाली गुडघ्यापर्यंत लोंबतोय. मास्कचा आकार कोटाचा होता, आणि मॉडेलने तो आकार कापडानेच भरला. खरं तर तिथे आता भिंत, पँट आणि उघडे हात दिसायला हवे होते. मास्क ऐसपैस, चौकोनी केला, तर हा घोटाळा कमी होतो. पण मग भिंत, पँट, हात, बोटं सगळंच मॉडेलला रचावं लागतं.

आणि एक गोष्ट मास्कने सुटत नाही. मागची सावली बघा. माणूस शर्टात आहे, भिंतीवरची सावली अजून कोटात आहे. ती मास्कच्या बाहेर होती, म्हणून तिला कुणी हातच लावला नाही.

[पडद्यावर: सूचनेचं वाक्य टाइप होताना दिसतं.]

दुसऱ्या वाटेवर आपण लिहितो: "करडा कोट काढून त्याजागी अर्ध्या बाह्यांचा, अंगाबरोबरचा निळा सुती शर्ट घाल. उजवा हात पँटच्या खिशात. चेहरा, केस, उभं राहण्याची ढब आणि भिंत जशीच्या तशी." हाताचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. कोट गेला की त्याचा खिसाही गेला. हाताला नवी जागा दिली नाही, तर पंजा शर्टाच्या कापडातच विरघळून जातो.

इथे मॉडेल पूर्ण चित्र बघून पूर्ण चित्रच परत देतं. म्हणून भिंत उघडी पडते, कोपरापासून खाली हात येतो, सावलीही बऱ्याचदा बारीक होते. किंमत मात्र चेहरा मोजतो. 2022 साली बर्कलीच्या टिम ब्रुक्स, अलेक्झांडर होलिन्स्की आणि अलेक्सी एफ्रोस यांनी असं सूचनेवरून एडिटिंग करणारं इन्स्ट्रक्टपिक्सटूपिक्स हे मॉडेल मांडलं. ते आधी-नंतरच्या सुमारे साडेचार लाख चित्रजोड्यांवर शिकलं, आणि त्या जोड्याही मॉडेलनेच बनवलेल्या होत्या. नंतरची मॉडेल्स चेहरा कितीतरी चांगला सांभाळतात, पण "जसंच्या तसं" याची हमी देणारी मास्कसारखी भिंत त्यांच्यातही नाही.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. मूळ फोटोवर नवा फोटो लेयर म्हणून ठेवा आणि मिश्रणाचा प्रकार डिफरन्स करा. जिथे काही बदललं नाही, तिथे काळं दिसतं.

[पडद्यावर: काळ्या चित्रात डोळे, जिवणी आणि कानाच्या कडा पांढरट चमकतात.]

शर्ट उजळणारच, तो बदललाय. पण डोळ्यांच्या आणि जिवणीच्या कडा उजळल्या, म्हणजे चेहरा नव्याने काढलाय. फोटोभर प्रत्येक कडेला दुहेरी रेघ दिसली, तर पूर्ण चित्रच काही पिक्सेल सरकलंय. ते आधी जुळवायचं आणि मग मूळ चेहरा मास्कने परत बसवायचा. शिवाय दुसरी सूचना पहिल्या निकालावर देऊ नका. दर फेरीला त्वचा थोडी मेणासारखी होत जाते. मूळ फोटोवर परत यायचं आणि दोन्ही सूचना एकत्र द्यायच्या.

पूर्ण चित्र पुन्हा बनवण्याची पाळी कधी येते? कपड्यामुळे बसणं-उठणंच बदलतं तेव्हा. समजा, हाच माणूस पायघोळ झग्यात, जमिनीवर बसलेला, झग्याचा घेर भोवती पसरलेला हवाय. उभ्या फोटोतलं इथे काहीच कामाला येत नाही. मग शरीराची नवी ठेवण कंट्रोलनेटने, म्हणजे मॉडेलला ठरावीक ठेवण पाळायला लावणाऱ्या जोडणीने धरायची, आणि चेहऱ्यासाठी त्याच्या 15-20 फोटोंवर छोटा लोरा, म्हणजे मॉडेलला तोच चेहरा काढायला लावणारी छोटी जोड, शिकवायचा. चित्रकथेतल्या पात्रासाठी ही वाट उत्तम आहे, कारण तिथे मूळ असं एकच चित्र नसतं. खऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र हाती येतं ते त्याच्यासारखं दिसणारं चित्र, त्याचा फोटो नव्हे. बघणाऱ्याला तसं सांगायलाच हवं.

[पडद्यावर: निळ्या शर्टातला तयार होत आलेला फोटो.]

आपल्या फोटोत शेवटी दोन वाटा एकत्र आल्या. शर्ट सूचनेने आला. चेहरा मूळ फोटोतून परत बसवला. कोट असताना कॉलरची सावली गळ्यावर पडायची, ती चेहऱ्याबरोबर परत आली होती. तिच्यावर छोटा मास्क काढून इनपेंटिंगने ती पुसली.

आता मानेपाशी 200 टक्के मोठं करून बघू. कॉलरवर रुळणारे केस इथे एका सरळ रेषेत कापले गेलेत, कात्रीने कापावेत तसे. मूळ चेहरा बसवताना मास्कची कड केसांच्या मधून गेली. कड थोडी वर, जबड्याखाली घेतली. केसांची टोकं नव्या चित्रातलीच राहू दिली. बटा पुन्हा सुट्या झाल्या.