काळी चार आली कुठून?

पेटी समोर आहे, तेव्हा आधी वाजवूनच दाखवतो. पांढरी सहाला सा धरला आणि वरच्या पांढरी सहापर्यंत नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवत गेलो. ऐका. ग, ध, नि कोमल, बाकी शुद्ध. परभणी-नांदेडकडच्या भजनात पेटी धरणारा कुणीही सांगेल, हा आसावरी थाट झाला. पाश्चात्त्य मंडळी याला ए नॅचरल मायनर म्हणतात. इथपर्यंत भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन सूर, आल्यावर. तरुणपणी गणपतीत आमचा ऑर्केस्ट्रा असायचा आणि कीबोर्ड माझ्याकडे होता. मायनरमधलं एक गाणं होतं. ओळ संपून सा वर यायच्या आधी पंचमावरची कॉर्ड द्यायची, एवढं मला ठाऊक होतं. मी आपल्या पांढऱ्याच पट्ट्यांतून तीन, पाच आणि सात दाबली. सूर एकही चुकीचा नव्हता, पण गायक दर वेळी वळून बघायचा. तिसऱ्यांदा म्हणाला, "अरे, घरी ये की!" चूक कळायला मला दोन वर्षं लागली. पाचऐवजी काळी चार दाबायची होती.

दोन्ही वाजवतो. आधी तीन-पाच-सात, मग सा ची कॉर्ड. येऊन पोचते, पण टेकत नाही. आता पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात. सा आल्याशिवाय कानाला चैनच पडत नाही. कारण साधं आहे. पांढरी पाच म्हणजे कोमल नि, तो सा पासून एक पूर्ण स्वर लांब. काळी चार म्हणजे शुद्ध नि, तो सा ला अगदी खेटून, अर्ध्या स्वरावर. युरोपातल्या संगीताला ओळीच्या शेवटी ही ओढ हवी असते आणि पंचमाची कॉर्ड ती ओढ या शुद्ध नि मधून निर्माण करते. म्हणून सातवी पायरी चढली. गरज कॉर्डची, म्हणजे हार्मनीची, म्हणून नाव हार्मोनिक मायनर.

पण एक दुखणं बरं करताना दुसरं उपटलं. आता ध कोमल आणि नि शुद्ध. पांढरी चारवरून थेट काळी चारवर. मधल्या दोन पट्ट्या ओलांडायच्या, दीड स्वराची उडी. आपल्याला ती गोडच लागते. कीरवाणीचा सगळा जीव त्या फटीत आहे. युरोपातल्या समूहगायनाला मात्र ती अवघड वाटायची. तिथे चाल शेजारच्या पायरीवरून शेजारच्या पायरीवर जावी, अशी शिस्त. मग तोड काय? नि खाली आणता येत नाही, कॉर्ड बिघडते. म्हणून ध वर घेतला, पांढरी चारची काळी तीन केली. प, शुद्ध ध, शुद्ध नि, सा. फट बुजली. ही गरज चालीची, मेलडीची, म्हणून मेलोडिक मायनर. म्हणजे सहावी पायरी बदलली ती सातवीच्या पायी. तिचं स्वतःचं काही मागणं नव्हतं.

उतरताना सा सोडूनच निघालो आहोत, तेव्हा सा कडे ओढ कशाला? नि कोमल झाला. तो कोमल झाल्यावर ध चढवायचं कारणही गेलं. उलट कोमल ध अर्ध्या स्वरावरच्या प वर अलगद उतरतो. खमाजात आपण चढताना शुद्ध नि आणि उतरताना कोमल घेतो, तसंच हे दिसतं. पण खमाजात तो रागाचा स्वभाव आहे, त्यामागे कॉर्ड नाही. दोन्ही एकच समजू नका.

हे एका तुकड्यात बघायचं तर जर्मन संगीतकार बाखची ई मायनरमधली बूरे ही नाचाची चाल घ्या, ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या सूटमधली. गिटार शिकणारी पोरं हमखास वाजवतात. आता सा पांढरी तीनला. सुरुवातीलाच चाल खालच्या पंचमावर जाते आणि तिथून चढते: पांढरी सात, काळी एक, काळी दोन, पांढरी तीन. म्हणजे प, शुद्ध ध, शुद्ध नि, सा. आणि सा ला शिवून लगेच उतरते: पांढरी दोन, पांढरी एक, पांढरी सात. कोमल नि, कोमल ध, प. काळ्यांवरून वर, पांढऱ्यांवरून खाली. एका श्वासात दोन्ही.

म्हणून परीक्षेसाठी नॅचरल, हार्मोनिक, मेलोडिक अशी मायनरची तीन स्केल वेगवेगळी घोकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तीन डबे नाहीत हे. पहिल्या पाच पायऱ्या तिन्हींत त्याच आहेत, हलतात फक्त शेवटच्या दोन. आणि "चढताना शुद्ध, उतरताना कोमल" हाही काही कायदा नाही. खाली पंचमाची कॉर्ड चालू असेल तर बाखसुद्धा शुद्ध नि, शुद्ध ध घेऊन उतरतो, कारण तिथे कोमल नि घेतला तर तो कॉर्डमधल्या शुद्ध नि शी भांडेल. तेव्हा चालीची दिशा बघायच्या आधी डाव्या हाताखाली काय वाजतंय ते ऐका.

नोटेशन वाचणाऱ्यांसाठी एक खूण. सी मेजर आणि ए मायनर, दोघांच्याही सुरुवातीला शार्प-फ्लॅट काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे कागदावर ते जुळे दिसतात. ओळीच्या शेवटाकडे जी च्या आधी शार्प दिसला आणि पाठोपाठ ए आला, तर बहुधा मायनरच. तोच तो, काळी चार.