हिमनग किती वर, किती खाली. आणि वितळल्यावर पाणी का चढत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

हिमनगाचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. पाण्यावर छोटं टोक आणि खाली अंधारात उतरत गेलेला लांबलचक उभा सुळका. चित्र देखणं आहे, पण तसा हिमनग समुद्रात तरंगत ठेवला तर तो क्षणभरही उभा राहणार नाही, कलंडून आडवा होईल. चौकोनी ठोकळ्यासारख्या हिमनगाचा हिशोब करता येतो: त्याची रुंदी त्याच्या जाडीच्या साधारण पाऊणपटीपेक्षा कमी झाली, की तो उलटतो. म्हणजे हिमनग बहुधा उंचीपेक्षा रुंदच सापडायचा. पाण्याखाली मोठा भाग असतो हे चित्र खरं सांगतं, पण त्याचा आकार मात्र चुकीचा दाखवतं.

आता तो मोठा भाग नेमका किती, ते पाहू. नियम आर्किमिडीजचा आहे आणि तरंगणाऱ्या वस्तूसाठी तो फार सोपा होतो: वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. एक घनमीटर शुद्ध बर्फ घ्या. शून्य अंश तापमानाला त्याचं वजन ९१७ किलो भरतं. त्याला तरंगायचं तर ९१७ किलो पाणी बाजूला सारावं लागेल. थंड समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण १०२७ किलो भरतं. ९१७ भागिले १०२७ केलं की ०.८९३ येतात. म्हणजे बर्फाचा ८९.३ टक्के भाग पाण्यात बुडाला की तोल साधला. उरलेला १०.७ टक्के भाग हवेत. तोच ठोकळा गोड्या पाण्याच्या तळ्यात सोडला, तर पाणी हलकं असल्यामुळे तो आणखी खाली बसतो आणि फक्त ८.३ टक्के भाग वर राहतो. आपण सरसकट ‘एकदशांश’ म्हणतो ते या दोन आकड्यांच्या मधलं आहे.

इथे एक गोष्ट निसटते. हे टक्के घनफळाचे आहेत, उंचीचे नाहीत. वर निमुळतं शिखर असेल आणि खाली रुंद बुंधा, तर वरचा दहावा हिस्सा उंचीने बराच मोठा दिसेल. त्यामुळे टोकाची उंची मोजून तिला नवाने गुणलं आणि खोली काढली, तर ती अनेकदा खऱ्यापेक्षा बरीच जास्त निघते. सपाट माथ्याच्या, उभ्या कडांच्या हिमनगांना मात्र हा हिशोब लावता येतो. अंटार्क्टिकाच्या हिमपट्ट्यांपासून, म्हणजे जमिनीवरून समुद्रात पसरून तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या थरांपासून, तुटलेले हिमनग असेच असतात.

पण तिथेही एक खोच आहे. समजा, अशा सपाट हिमनगाची कड पाण्यावर ४० मीटर उंच आहे. बर्फ शुद्ध आणि घट्ट मानला, तर एकूण जाडी ४० भागिले ०.१०७, म्हणजे सुमारे ३७३ मीटर येते. प्रत्यक्षात अशा हिमनगाचे वरचे कित्येक मीटर नीट घट्ट न झालेल्या हिमाचे असतात आणि त्यात भरपूर हवा असते. त्यामुळे सगळ्या जाडीची सरासरी घनता ९१७ ऐवजी ८७० धरून पाहा. मग वर राहणारा भाग १५.३ टक्के होतो आणि जाडी येते २६२ मीटर. घनतेत पाच टक्क्यांचा फरक, तर जाडीत शंभर मीटरहून जास्त. कारण उघड आहे: आपण दोन जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीने भागतो आहोत, त्यामुळे त्यांतली लहानशी चूक मोठी होऊन बाहेर येते. उपग्रहावरून बर्फाची पाण्यावरची उंची मोजून जाडी काढणाऱ्यांना वरच्या सैल हिमाचा अंदाज आधी घ्यावा लागतो तो याचसाठी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. हिमनग वितळला की पातळी चढेल का? भांडं गोड्या पाण्याचं आणि बर्फही गोड्या पाण्याचा असेल, तर उत्तर ‘नाही’ आहे. त्याचं कारण वरच्याच हिशोबात बसलेलं आहे. १ किलो बर्फ तरंगताना १ किलो पाण्याची जागा व्यापत होता. वितळल्यावर तो १ किलो पाणीच झाला, आणि १ किलो पाण्याला १ किलो पाण्याइतकीच जागा लागते. पाण्यावर दिसत होता तो भाग वितळताना आकसला, इतकंच.

इथे लक्षात घ्या, या उत्तरात बर्फाची घनता कुठेच आली नाही. बर्फ काचेसारखा स्वच्छ असो की बुडबुड्यांनी पांढरा झालेला असो. पांढरा बर्फ थोडा जास्त वर तरंगेल, पण वितळल्यावर पातळी तिथेच राहील. किती वर दिसतो हे बर्फाच्या घनतेवरही अवलंबून असतं. पातळी बदलते की नाही, हे मात्र बर्फ सारत असलेलं पाणी आणि वितळून निघालेलं पाणी एकाच घनतेचं आहे का, यावर ठरतं.

हे स्वतः करून पाहायचं असेल तर सरळ बाजूंचं, आतून ८ सेंटीमीटर व्यासाचं, १६-१७ सेंटीमीटर उंचीचं पारदर्शक भांडं घ्या. त्याचा काटछेद सुमारे ५० चौरस सेंटीमीटर होतो, म्हणून ५ घनसेंटीमीटर पाण्याचा फरक पडला की पातळी १ मिलीमीटर हलते. निमुळता किंवा फुगीर ग्लास नको, त्यात हिशोब बिघडतो. त्यात फ्रिजमध्ये गार केलेलं अर्धा लिटर पाणी ओता. मग सुमारे १८३ ग्रॅम बर्फ सोडा, एकाच ठोकळ्याचा किंवा दोन-तीन तुकड्यांचा. हा बर्फ २०० घनसेंटीमीटर जागेचा होतो. तरंगताना तो १८३ घनसेंटीमीटर पाणी सारतो आणि साधारण १७ घनसेंटीमीटर भाग वर राहतो. बर्फ स्थिर झाला की पातळीवर खूण करा, डोळा पातळीच्या रेषेत ठेवून. काचेला लागून वर चढलेल्या पाण्याची किनार सोडून मधली सपाट रेषा धरा. बर्फ पूर्ण वितळला की पुन्हा बघा. खूण हललेली दिसणार नाही.

हलली, तर बहुतेक वेळा कारण असं असतं. बर्फ भांड्याच्या तळाला टेकला होता. टेकलेला बर्फ आपल्या वजनापेक्षा कमी पाणी सारतो, बाकीचं वजन तळ उचलतो, म्हणून वितळल्यावर पातळी चढते. तपासायला सोपं आहे: बोटाने हलकेच ढकला, तो मोकळा डोलला पाहिजे. भिंतींना घट्ट चिकटलेला असला तरी हीच गत. साधं, कोमट पाणी वापरलं तर ते बर्फाने गार होताना किंचित आकसतं. हा फरक मिलीमीटरच्या अंशाइतका असतो, पण गार पाण्याने सुरुवात केली की तोही जातो. भांड्याच्या बाहेर जमणारे थेंब मात्र हवेतले आहेत. आतलं पाणी गळतंय असं समजू नका.

आता हाच प्रयोग मिठाच्या पाण्यात करा. आधीच गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. या पाण्याची घनता घनसेंटीमीटरला सुमारे १.१७ ग्रॅम होते. तोच १८३ ग्रॅम बर्फ त्यात सोडला तर तो चांगला उंच तरंगतो, पाचव्या हिश्शाहून जास्त भाग वर राहतो. तो सारतो फक्त १५६ घनसेंटीमीटर खारं पाणी. पण वितळल्यावर होतं १८३ घनसेंटीमीटर गोडं पाणी. हे सत्तावीस घनसेंटीमीटर जास्तीचं पाणी कुठेतरी मावायला हवं. मिसळताना थोडं आकुंचन होतं ते वजा जाता, पातळी साधारण ५ मिलीमीटर चढते आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. बर्फ खाऱ्या पाण्यात हळू वितळतो, कारण वितळलेलं गोडं पाणी हलकं असल्याने वरच थर धरून राहतं. पातळी वाचण्याआधी चमच्याने हलवून चमचा बाहेर काढा, नाहीतर चमचाच पाणी सारेल.

समुद्रात हाच परिणाम फार सौम्य आहे, कारण समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा फक्त २.७ टक्के जड आहे. हिमनग जितकं समुद्राचं पाणी सारतो, त्याच्या साधारण २.७ टक्के जास्त जागा त्याच्या वितळलेल्या पाण्याला लागते. म्हणून ‘तरंगता बर्फ वितळून समुद्राची पातळी अजिबात बदलत नाही’ हे वाक्य तंतोतंत खरं नाही. किती बदलेल याचाही अंदाज २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशोबात आहे: जगातला सगळा तरंगता बर्फ, म्हणजे हिमपट्टे आणि समुद्रावर गोठलेला बर्फ, वितळला तर पातळी सुमारे ४ सेंटीमीटर वाढेल. ग्रीनलंडच्या जमिनीवरचा बर्फ सगळा वितळला तर वाढ सुमारे ७ मीटर होईल. तरंगता बर्फ आपलं वजन आधीच समुद्रावर टाकून बसलेला आहे, ग्रीनलंडचा अजून जमिनीवर आहे.

उलट परिणामही घडवता येतो. गोड्या पाण्याच्या त्याच भांड्यात बर्फात ११ ग्रॅमचा एक खडा गोठवून ठेवा. असा खडा साधारण ४ घनसेंटीमीटर जागा घेतो. तरंगत असताना बर्फ त्याला उचलून धरतो, म्हणून तो आपल्या वजनाइतकं, ११ घनसेंटीमीटर पाणी सारतो. बर्फ वितळून तो तळाला गेला की सारतो फक्त आपल्या आकाराइतकं, ४. पातळी जवळजवळ दीड मिलीमीटर उतरते. खडा ३० ग्रॅमचा घेऊ नका, बर्फासकट सगळंच बुडेल आणि प्रयोग तिथेच संपेल. समुद्रातले हिमनग असे दगड वाहून नेतात आणि वितळताना सोडून देतात. मऊ गाळात मधेच एखादा मोठा धोंडा रुतलेला आढळतो, त्यामागे अनेकदा हेच असतं.

भांड्याच्या तळाला टेकलेल्या बर्फाची गोष्ट समुद्रातही घडते. उथळ समुद्रात हिमनग तळावर रुततो, किंवा हिमनदीचं टोक समुद्रतळावर बसलेलं असतं. तरंगण्याच्या पातळीपेक्षा जितका बर्फ जास्त साचलेला असेल, तेवढाच पातळी वाढवतो. अंटार्क्टिकातला लार्सन बी हिमपट्टा २००२ साली फुटला, त्याचा सुमारे ३२५० चौरस किलोमीटर भाग काही आठवड्यांत तुकडे होऊन गेला. तो आधीपासून तरंगत होता, म्हणून त्याच्या वितळण्याने पातळीत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. पण त्याच्यामागच्या हिमनद्या त्याच्या आधाराने रोखलेल्या होत्या. आधार गेल्यावर त्या कितीतरी जलद वाहू लागल्या, आणि त्यांनी समुद्रात आणलेला बर्फ त्याआधी जमिनीवर होता. पातळीच्या हिशोबात त्याचं पूर्ण वजन धरायला लागतं.