जुन्या चित्रपटाची कोणती फाइल उतरवावी?

इंटरनेट आर्काइव्हवर स्वामित्वहक्कातून मुक्त झालेल्या एखाद्या जुन्या चित्रपटाच्या पानावर बहुधा चार-पाच फाइली असतात, आणि पुष्कळ जण त्यांतली सर्वांत मोठी उतरवून घेतात. ही निवड अनेकदा बरोबर ठरते. पण फाइलचा आकार पाहण्याआधी ती कशापासून तयार झाली हे पाहावे. पानावरील `SHOW ALL` उघडल्यावर नावाच्या शेवटी `_files.xml` असलेली एक यादी मिळते. तिच्यात अपलोड करणाऱ्याने दिलेल्या फाइलपुढे `source="original"` आणि तिच्यापासून यंत्रणेने आपोआप बनवलेल्या प्रतींपुढे `source="derivative"` अशी नोंद असते. अपलोड करणाऱ्यानेच निकृष्ट प्रत दिली असेल, तर तीही `original` म्हणूनच नोंदली जाते.

दहा मिनिटांचा एक शैक्षणिक लघुपट घेऊ. तो १६ मिलिमीटर फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चित्रित झाला, पुढे अमेरिकी पद्धतीच्या व्हिडिओ टेपवर उतरवला गेला आणि त्या टेपवरून एमपेग-२ फाइल तयार झाली, असे समजा. सेकंदाला ६ मेगाबिट या दराने ही फाइल सुमारे ४५० मेगाबाइट भरते. सेकंदाला ५१२ किलोबिटची छोटी प्रत जेमतेम ३८. मोठी फाइल संगणकावर पाहिली, तर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात, छोट्या प्रतीत मात्र ते बहुधा दिसत नाहीत, आणि म्हणून छोटीच बरी असे वाटू लागते. इथेच फसगत होते.

टेपवर सेकंदाला सुमारे ३० फ्रेम लागतात, म्हणून फिल्मच्या चार फ्रेम पाच फ्रेमांत वाटल्या जातात आणि त्या पाचांपैकी दोन फ्रेमांत शेजारच्या दोन चित्रांच्या सम-विषम ओळी गुंफल्या जातात. फाइल एकेक फ्रेम पुढे नेत पाहिली, की तीन स्वच्छ आणि दोन दातेरी असा क्रम दिसतो. तो शाबूत असेपर्यंत मूळ २४ फ्रेम परत मिळवता येतात:

```
ffmpeg -i film.mpeg -vf fieldmatch,decimate -crf 16 film24.mp4
```

छोट्या प्रतीत ओळी आधीच एकमेकींत मिसळल्या असतील, तर दात्यांऐवजी दुहेरी कडा दिसतात, आणि त्या वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य असते. केवळ आशय पडताळायचा असेल, तर अर्थात तीच सोयीची.

मूळ फाइल दुरुस्त केली, तरी टेपने गमावलेला बारीक तपशील परत येत नाही. म्हणून त्याच चित्रपटाचे थेट फिल्मवरून केलेले नवे स्कॅन दुसऱ्या पानावर आहे का, ते शोधावे. ते मिळाल्यावर दोन्हींचा कालावधी जुळवून पाहावा. नव्या स्कॅनची प्रिंट तुटलेली असेल, तर जुन्या टेपवरचा एखादा प्रसंग तिच्यात नसतो आणि मग दोन्ही फाइली ठेवाव्या लागतात.