शिऱ्याचा दाणा: भाजणं, तूप आणि पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

शिरा बिघडतो तो दोनच तऱ्हांनी. एक तर टाळ्याला चिकटतो, नाहीतर घशात अडकेल इतका कोरडा होतो. चिकट झाला की आपण पाण्याला दोष देतो आणि कोरडा झाला की तुपाला. पण बऱ्याचदा चूक त्याआधीच, भाजताना झालेली असते. म्हणून आज एका वाटीचा शिरा अगदी पहिल्यापासून करू.

एक वाटी बारीक रवा घ्या. याच वाटीने पाऊण वाटी साजूक तूप, एक वाटी साखर आणि अडीच वाट्या पाणी. अर्धं पाणी आणि अर्धं दूध घेतलं तरी चालेल. रवा जाड असेल तर पाणी तीन वाट्या लागेल, कारण मोठा दाणा आतपर्यंत शिजायला जास्त पाणी ओढतो. सगळं मोजायला वाटी मात्र एकच ठेवा. रवा एका वाटीने आणि पाणी पेल्याने मोजलं, तर पुढची सगळी काळजी वाया जाते.

आता जाड बुडाची कढई मंद ते मध्यम आचेवर ठेवा. तुपातलं दोन चमचे शेवटासाठी बाजूला काढा आणि बाकीचं कढईत घाला. काजू, बेदाणे घालायचे असतील तर ते आधी तळून काढून घ्या. बेदाणे फुगले की लगेच काढा, ते फार लवकर करपतात. मग त्याच तुपात रवा घाला.

इथून पुढची दहा-बारा मिनिटं कढईसमोरून हलू नका. सुरुवातीला रवा ओल्या वाळूसारखा जड लागतो, उलथन्याला गोळा होऊन बसतो. पाच-सहा मिनिटांनी तो हलका व्हायला लागतो. उलथनं सहज फिरतं आणि रवा उचलून सोडला तर सुटा होऊन ओघळतो. आधी सगळं तूप रव्याने पिऊन टाकल्यासारखं वाटतं, तेच आता कडेने पुन्हा चमकायला लागतं. खमंग वास सुटतो आणि पांढरा रंग जाऊन फिकट बदामी छटा येते. तिथे थांबायचं. आच बंद केली तरी कढई तापलेली असते, त्यामुळे रंग अजून थोडा चढतोच. म्हणून हवा त्या रंगाच्या किंचित आधीच थांबलेलं बरं.

एवढं भाजायचं कशासाठी? रव्यात पिष्ट भरपूर असतं. कच्च्या रव्यावर पाणी पडलं की दाण्याच्या पृष्ठभागावरचं पिष्ट फुगून बाहेर येतं, त्याची खळ होते आणि दाणे एकमेकांना धरतात. चिकट शिरा म्हणजे हीच खळ. भाजताना दाण्यातली ओल जाते आणि प्रत्येक दाण्यावर तुपाचा पातळ थर बसतो. मग पाणी पडलं तरी दाणा फुगतो, पण शेजारच्या दाण्याला चिकटत नाही. म्हणून तूप भाजतानाच घालायला हवं. रवा कोरडा भाजून सगळं तूप वरून ओतलं, तर शिरा तुपकट लागतो आणि तरीही चिकट राहतो. तूप कमीत कमी किती, तर वाटीला अर्धी वाटी. त्याखाली गेलात तर गरम असताना शिरा बरा लागेल, पण गार झाल्यावर त्याची वडीच होईल. प्रसादाच्या शिऱ्यात रवा, तूप, साखर तिन्ही सव्वा-सव्वा घेतात. तो तासन् तासांनंतरही मऊ राहतो, त्याचं एक मोठं कारण हे बरोबरीचं तूपच.

रवा भाजत असतानाच दुसऱ्या शेगडीवर पाणी उकळायला ठेवा. ते कढईत पडताना खळखळत असलं पाहिजे. गार पाणी घातलं तर कढईचं तापमान एकदम खाली येतं, दाणा नुसता भिजत पडतो आणि गुठळ्या होतात. आच मंद करा, तोंड जरा मागे घ्या, कारण वाफ जोरात येते, आणि एका हाताने पाणी ओतत दुसऱ्या हाताने ढवळा. गुठळ्या मोडल्या की ढवळणं थांबवा. फार घोटलं तर फुगलेले दाणे फुटतात आणि खळ पुन्हा बाहेर येते. झाकण ठेवून तीन-चार मिनिटं वाफ येऊ द्या.

साखर अजून घातलेली नाही, हे लक्षात ठेवा. झाकण काढून एक दाणा बोटांत चिरडून पाहा. मधे बारीकसा टणक कण लागला तर दाणा शिजलेला नाही. दोन चमचे उकळतं पाणी शिंपडा आणि पुन्हा झाका. साखर घातल्यावर ही दुरुस्ती नीट होत नाही, कारण साखर पाणी स्वतःकडे धरून ठेवते आणि दाण्याला ते मिळत नाही. शिरा ओला दिसतो, पण चावताना कचकच लागते, ती यामुळेच.

दाणा पूर्ण मऊ झाला की साखर घाला. आता शिरा एकदम सैल होईल. इथे पुष्कळजण घाबरून आच मोठी करतात आणि पाणी आटवत बसतात. तसं करू नका. ती विरघळलेली साखर आहे, मंद आचेवर तीन-चार मिनिटांत शिरा पुन्हा मिळून येतो. उलथन्याबरोबर कढईची कड सोडायला लागला, की राखलेलं दोन चमचे तूप, वेलची पूड आणि काजू-बेदाणे घाला. कढईखाली तवा सरकवून, झाकण ठेवून पाच मिनिटं दमावर ठेवा. उतरवताना शिरा तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा सैलच असू द्या, कारण निवताना तो घट्ट होतो. कढईतच घट्ट केलेला शिरा ताटात कोरडा होणार, हे ठरलेलं.

तरीही कोरडा झालाच, तर वाटीभर रव्याच्या शिऱ्याला दोन-तीन चमचे गरम दूध शिंपडा आणि झाकून मंद वाफ द्या. दुसऱ्या दिवशी गरम करतानाही हेच करा. चिकट झाला असेल, तर चमचाभर तूप कडेने सोडून झाकण न ठेवता मंद आचेवर परता, घोटू नका. थोडा सुटेल. पण रवा कच्चाच राहिला असेल तर तो पूर्ण मोकळा होणार नाही. तसंच, तपकिरी होईपर्यंत जळालेल्या रव्याचा कडवटपणा साखरेने जात नाही. तो टाकून दुसरा रवा भाजायला घ्या.

आता पाहुण्यांसाठी चार वाट्यांचा करायचा असेल तर. हिशेबाने पाणी दहा वाट्या होतं. पण मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून आधी नऊच वाट्या घाला आणि दहावी शेजारी उकळती ठेवा. दाणा चिरडून पाहिल्यावर लागली तरच ती घाला. भाजायला मात्र पंचवीस मिनिटं, कधी अर्धा तासही लागेल. आच वाढवून तो वेळ वाचवायला गेलात, तर तळाचा रवा लाल होतो आणि वरचा पांढराच राहतो.