मे महिन्याच्या खड्ड्याचा हिशेब
(इंदूर येथे रामबागेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पैसे कुठे गुंतवावेत आणि त्यांचे किती होतील, यावर मी आज बोलणार नाही. प्रत्येकाचं घर वेगळं असतं, आणि भर सभेत तसा सल्ला देणं मला योग्य वाटत नाही. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या पायरीवर. दर महिन्याला नेमाने पैसे बाजूला टाकणाऱ्या घरातसुद्धा वर्षाअखेर शिल्लक का दिसत नाही?

अशा घरांची पासबुकं पाहिली की एक गोष्ट दिसते. किराणा, वीज, दूध, पेट्रोल यांनी बचत मोडत नाही; ते खर्च पगारातून भागतात. बचत मोडते ती वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. एप्रिलमध्ये शाळेची फी आली की मुदत ठेव मोडायची, दिवाळीला क्रेडिट कार्ड, आणि मेमध्ये लग्नाला जायचं म्हणून कुणाकडून तरी हातउसने. दर वेळी आपण म्हणतो, "या महिन्यात अचानक खर्च आला." पण फी दर एप्रिलला येते आणि दिवाळी दर वर्षी येते. हे खर्च अचानक नसतात, फक्त मासिक नसतात.

एक घर उदाहरणाला घेऊ. नवरा पीथमपूरच्या कारखान्यात, बायको घरी शिकवण्या घेते, एक मूल शाळेत. या घराचे वार्षिक खर्च असे धरू: एप्रिलमध्ये शाळेची फी २४,०००. मेमध्ये पुण्याला जाणं-येणं आणि लग्नकार्यातले आहेर मिळून १३,०००. ऑगस्टमध्ये गाडीचा विमा ३,०००. नोव्हेंबरात दिवाळी १८,०००. डिसेंबरात आरोग्य विम्याचा हप्ता २१,०००. मार्चमध्ये निगमचा संपत्तिकर ५,०००. बेरीज ८४,०००, म्हणजे महिन्याला ७,०००.

इथपर्यंत बरेच जण येतात. दर महिन्याला ७,००० वेगळ्या खात्यात टाकायला लागतात आणि चार-पाच महिन्यांत सोडून देतात, कारण पैसे पुरत नाहीत. भागाकार बरोबर असतो. चुकतो तो सुरुवातीचा महिना.

हे घर डिसेंबरात सुरू करतं असं समजा. पहिले ७,००० टाकले आणि त्याच महिन्यात २१,००० चा हप्ता समोर उभा. पहिल्याच फटक्यात १४,००० कमी. फेब्रुवारीपर्यंत ती तूट भरून निघते, मार्चमध्ये कर भरून २,००० उरतात. एप्रिलच्या फीला १५,००० कमी पडतात आणि मे संपताना तूट २१,००० वर जाते. घरच्यांना वाटतं, आपल्याला हे जमत नाही.

आता तेच घर, तेच ७,०००, पण सुरुवात जूनमध्ये. जून ७,०००, जुलै १४,०००. ऑगस्टमध्ये विमा भरून १८,०००. ऑक्टोबरअखेर ३२,०००. दिवाळीनंतर २१,०००, डिसेंबरचा हप्ता भरून ७,०००. मार्चमध्ये कर भरून २३,०००, एप्रिलमध्ये फी भरून ६,०००, आणि मेमध्ये सगळं भागून बरोबर शून्य. कुठेही तूट नाही.

म्हणून वहीत बारा महिने एकाखाली एक लिहा, प्रत्येक महिन्यात जमा आणि खर्च मांडून शिल्लक काढत जा, आणि ती सगळ्यात खाली कुठे जाते ते पाहा. त्या महिन्यानंतरचा महिना हा सुरुवातीचा. या घराचा खड्डा मेमध्ये आहे. तुमचा कदाचित दिवाळीनंतर असेल. थांबायचं नसेल, तर त्या खड्ड्याची खोली जितकी तितकी रक्कम सुरुवातीलाच टाकावी लागते. हेच घर जुलैत सुरू करणार असेल, तर आधी ७,००० जास्तीचे हवेत. डिसेंबरात करणार असेल, तर २१,०००.

धोक्याचा महिना मात्र ऑक्टोबर. खात्यात ३२,००० दिसतात, राजवाड्याच्या बाजारात दिवाळीची गर्दी असते, आणि नवा मोबाइल घेण्याइतके पैसे आहेत असं वाटतं. पण त्यातले १८,००० दिवाळीचे आहेत आणि उरलेले १४,००० आरोग्य विम्याचे. तो हप्ता चुकला आणि सवलतीचे दिवसही उलटले, तर पॉलिसी बंद पडते. मग नवी घेताना जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. म्हणून ही रक्कम पगाराच्या खात्यात ठेवू नका. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी बँकेनेच ती वेगळ्या खात्यात वळती करावी, अशी सूचना देऊन ठेवा.

त्या खात्याबद्दल एक बारकावा. ते वर्षातून एकदा शून्यावर येणार आहे, आणि किमान शिल्लक ठेवावी लागणाऱ्या खात्यात तेव्हा दंड लागू शकतो. खातं उघडताना हा प्रश्न बँकेत स्पष्ट विचारा. किमान शिल्लक नसलेलं मूलभूत बचत खातंही मिळतं, पण ते घेतलं तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. व्याजाची काळजी इथे करू नका. या पैशाने तारखेला हजर असावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे.

यादी करताना गेल्या बारा महिन्यांचं पासबुक समोर घ्या आणि दर महिन्याला न येणाऱ्या प्रत्येक खर्चाभोवती गोल करा. रोखीने झालेले खर्च त्यात दिसणार नाहीत, ते घरच्या बायकांना विचारा. आहेर कुणाला किती दिला हे त्यांच्या पक्कं लक्षात असतं. तरीही काही निसटतं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे चार वर्षं पासबुकात तो कुठेच नसतो. आपल्या घरांत आणखी एक खर्च असाच आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. जावयाचं धोंड्याचं वाण साधारण तीन वर्षांनी येतं आणि चांदी द्यायची असेल तर रक्कम लहान नसते. असा खर्च जितक्या महिन्यांनी येतो तितक्याने त्याला भागा, म्हणजे वाणाला छत्तीसने, आणि महिन्याच्या रकमेत मिळवा.

आजारपण किंवा नोकरी जाणं यासाठीचे पैसे यात धरू नका. त्यांची तारीखही ठाऊक नसते आणि रक्कमही, म्हणून ते वेगळेच ठेवायला हवेत.

मघाशी एका ताईंनी विचारलं, "आम्हाला सात हजार निघतच नाहीत, मग काय करायचं?" ताई, मग हे आजच कळलं हे फार बरं झालं. तो ८४,००० चा खर्च तुम्ही आजही करताच आहात, फक्त काही भाग उधारीवर. यादी घेऊन घरच्यांसोबत बसा आणि प्रवास, आहेर, दिवाळी यांतलं काय कमी करता येईल ते आत्ता ठरवा. फी आणि विमा यांना हात लावू नका. ६,००० च निघत असतील, तर वर्षाचे १२,००० कमी करायचे आहेत, आणि ते मेच्या लग्नाआधी ठरायला हवं.

दुसरा प्रश्न होता दरवाढीचा. फी २४,००० ची २६,४०० झाली, तर महिन्याला २०० जास्त, म्हणजे ७,२००. विम्याचा हप्ताही वयानुसार वाढतो, तेव्हा नूतनीकरणाची नवी सूचना आली की गेल्या वर्षीच्या पावतीशी ताडून रक्कम सुधारा. जूनमध्ये रक्कम ठरवायला बसाल, तेव्हा एप्रिलची फीची पावती आणि गेल्या डिसेंबरचा हप्ता, दोन्ही आकडे हातात असतात. नवी रक्कम तेव्हाच बँकेला कळवून टाका.