अंड्याच्या रश्शाची रात्र

(मालवणजवळच्या एका गावात घरगुती खानावळ आणि पाहुण्यांच्या खोल्या चालवणाऱ्या महिलांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी हे केलेलं असणार, मीही वर्षानुवर्षं केलंय. रात्री जेवणं आटोपली, अंड्याचा रस्सा अर्धा टोप उरला. शेगडी पेटवली, रस्सा खळखळून उकळला, वर झाकणी ठेवली आणि शेगडी बंद करून टोप तिथेच सोडून झोपायला गेलो. आमची आत्या म्हणायची, "उकळी इली काय सगळा मरता." अर्धं खरं होतं तिचं. उरलेल्या अर्ध्याबद्दल आज बोलू.

एका शिमग्याला आमच्या घरी वीसेक माणसं होती. रात्री वडे आणि अंड्याचा रस्सा. उरलेला रस्सा आठ लिटर तरी असेल. तो वर सांगितला तसाच उकळून, झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोमट केला आणि भाताबरोबर सगळ्यांनी खाल्ला. वासाला चांगला, चवीला तर आदल्या दिवसापेक्षा बरा, मुरलेला. रात्री दहाच्या सुमाराला एकेकाच्या पोटात मुरडा यायला लागला, मग जुलाब. ताप नाही, उलट्या जवळजवळ नाहीत. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सगळे ठीक. ठपका कुणावर आला? रात्रीच्या कोळंबीवर. बिचारी कोळंबी त्याच दिवशी सकाळी होडीतून उतरलेली.

प्रयोगशाळेत कुणी काही तपासलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, आणि तो वेळेचा हिशेब एका जिवाणूशी नेमका जुळतो. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. खाल्ल्यापासून साधारण आठ ते बारा तासांनी मुरडा आणि जुलाब, चोवीस तासांच्या आत आराम. धडधाकट माणूस निभावतो, म्हातारं माणूस किंवा लहान मूल मात्र पाणी कमी होऊन अडचणीत येतं. इतका उशीर होत असल्यामुळे माणूस दुपारच्या जेवणाला सोडून रात्रीच्या जेवणाला पकडतो.

आता आत्याचं अर्धं खरं. हा जिवाणू मातीत असतो, म्हणून कांद्यावर, धण्यांत, मिरीत, हळदीत सापडतो. तुमचा मसाला कितीही स्वच्छ कुटलेला असू दे, त्यात त्याचे थोडे बीजाणू असू शकतातच. बीजाणू म्हणजे जिवाणूने कवच घालून घेतलेली झोप. उकळीने जागे जिवाणू मरतात, पण ही कवचातली मंडळी उकळीतून वाचू शकतात. उलट ते तापणं म्हणजे त्यांना जागं व्हायची हाकच. शिवाय उकळताना रश्शातली हवा निघून जाते, आणि या जिवाणूला हवा नकोच असते. वरून खोबऱ्याच्या वाटपाने रस्सा दाट, त्यावर तेलाचा तवंग, त्यावर झाकणी. असं घर त्याला शोधूनही मिळणार नाही.

शिमग्याच्या त्या प्रकारानंतर मी एकदा तेवढाच रस्सा केला, तेवढ्याच टोपात, आणि मध्यभागी तापमापक बुडवून रात्रभर जागलो. बायकोने मला वेडा म्हटलं, ते असो. स्वयंपाकघरात ३० अंश. साडेनऊला शेगडी बंद केली तेव्हा रस्सा ९५ अंशांवर होता. पाऊण वाजता ६०. अडीच वाजता ५०. पावणेचारला ४५. आणि सकाळी सहाला, कोंबडा आरवून गेल्यावर, अजून ३९! वरून बोट बुडवलं तर गारसर लागत होता, मध्यभागी मात्र ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखा.

परफ्रिंजन्सला सगळ्यात आवडतं ते ४३ ते ४७ अंशांच्या आसपास. तिथे सगळं त्याच्या मनासारखं असेल तर तो दर दहा मिनिटांनी दुप्पट होतो. दहाचे वीस, वीसचे चाळीस, असं तासाभरात चौसष्ट पट. तीन तासांत अडीच लाख पट. बीजाणूला जागं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो. पण अडीच ते सहा हे साडेतीन तास आपण त्याला कुणी न मागता दिलेले असतात, आणि टोप गॅसवर तसाच राहिला तर पुढचे काही तासही. आजारी पाडायला ग्रॅममागे दहा लाखांच्या आसपास जिवाणू लागतात. आणि एवढे असूनही रस्सा आंबलेला लागत नाही. आंबवणारे जिवाणू वेगळे, हे वेगळे. 'वास घेऊन बघितला, चांगला होता' या वाक्याला म्हणून काही अर्थ नाही.

म्हणजे खरी चूक उकळण्यात नव्हती. साठच्या खाली उतरल्यावर रस्सा रेंगाळला, ती चूक. बऱ्याच देशांत हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना जो नियम लावतात तो असा: ६० अंशांपासून २१ पर्यंत दोन तासांत उतरवा, आणि २१ पासून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. आता आपल्या किनाऱ्यावर गंमत बघा. मे महिन्यात रात्रीसुद्धा हवा सहसा पंचविशीच्या खाली येत नाही. ओट्यावर ठेवलेला टोप दोन तास काय, दोन दिवस ठेवला तरी २१ ला पोचणार नाही. 'निवू दे, मग फ्रिजमध्ये ठेवू' हे आपल्याकडे चालणारच नाही. पाणी आणि बर्फ लागणार.

करायचं कसं ते सांगतो. जेवणं सुरू व्हायच्या आधीच उद्याचा रस्सा वेगळा काढा, म्हणजे वाढण्याचा डाव आणि दहा हात त्यात जात नाहीत. तो उंच टोपात ठेवू नका. रुंद, पसरट भांड्यांत ओता, दोन इंचांपेक्षा जास्त खोल नको. खोली निम्मी केली की दाट रस्सा निवायला साधारण चौथा हिस्सा वेळ लागतो. माझ्या सगळ्या भाषणातलं एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. मग झाकण न ठेवता ढवळत राहा. वाफ निघते तीच सगळ्यात जास्त उष्णता घेऊन जाते, आणि झाकणी नेमकी तिलाच अडवते.

अर्ध्या तासात साठच्या आसपास आलं की ही भांडी परातीत, विहिरीच्या पाण्यात ठेवा. पाणी तापलं की बदला. आपलं विहिरीचं पाणी तिशीच्या अलीकडे-पलीकडेच आणतं, पुढे बर्फ हवा. मासळीच्या लिलावाकडचा बर्फ चालेल, पण फक्त भांड्याच्या बाहेर. तो पिण्याच्या पाण्याचा असतोच असं नाही, त्याचा थेंबही रश्शात नको. याहून सोपी युक्ती म्हणजे उद्याचा रस्सा मुद्दाम घट्ट ठेवायचा आणि त्यात घालायचं पाणी बर्फाच्या रूपात घालायचं, उकळून गार केलेल्या पाण्याचा घरी जमवलेला बर्फ. सहा लिटर रस्सा ६० अंशांवर असताना त्यात दीड किलो बर्फ विरघळला की तो तिशीवर येतो, काही मिनिटांत. तिथून बर्फाच्या पाण्यात ठेवून एकविशीपर्यंत आणा आणि फ्रिजमध्ये टाका, भांडी एकावर एक न रचता. पूर्ण गार होईपर्यंत झाकण किंचित उघडं ठेवा, मग बंद.

आणि अंडी? माझा सल्ला ऐकाल तर उद्याची अंडी उद्याच उकडा. दहा मिनिटांचं काम. रश्शात बुडालेलं अख्खं अंडं आतपर्यंत निवायलाही वेळ घेतं आणि तापायलाही. रस्सा कडेने उकळायला लागला तरी फ्रिजमधलं अंडं आत थंडच असतं. शिवाय उकडलेलं अंडं सोलताना आपले हात लागतात, आणि हातावरच्या, नाकातल्या स्टॅफिलोकोकस जिवाणूने एकदा विष सोडलं की ते पुन्हा उकळूनही जात नाही. शिळ्या भातावरचं एक विषही तसंच चिवट आहे. परफ्रिंजन्सचं बरं आहे, तो आपल्या आतड्यात पोचल्यावर विष सोडतो, म्हणून ताटात यायच्या आधी जिवाणू मारले तर आपण वाचतो. पण कोणता पाहुणा टोपात शिरलाय हे आपल्याला कुठे दिसतं? अंडी रश्शात उरलीच असतील तर उभी चिरून अर्धी करा आणि मग निववा.

दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच रस्सा काढायचा. सगळा टोप तापवून उरलेला परत फ्रिजात, हा प्रकार नको. एकदाच तापवायचा, आणि ७५ अंश मध्यभागी गाठायला हवेत. काटा घालून बघायचा तापमापक काहीशे रुपयांना मिळतो, खानावळ चालवणाऱ्या बाईने तो घ्यावाच. नसेल तर कडेचे बुडबुडे धरू नका. तळापासून ढवळत, मधोमध खळखळ उकळी येऊन दोन-तीन मिनिटं राहिली पाहिजे. इथे आपल्याकडची खास अडचण म्हणजे नारळाचा रस. तो फुटेल म्हणून आपण रस्सा नुसता कोमट करतो, आणि आमच्या शिमग्याला तेच झालं होतं. म्हणून रस घालायचाच असेल तर उद्याच्या भागात आज घालू नका. नुसतं भाजलेलं वाटप उकळून ठेवा, रस उद्या ताजा काढून शेवटी घाला. मायक्रोवेव्हमध्ये अख्खं अंडं कधीच नको, ते फुटतं, कधी तर बाहेर काढून चमचा लावल्यावर फुटतं.

मागून एका काकींनी विचारलं, "कोकम घातलेली माशाची आमटी दुसऱ्या दिवशी चालते, मग अंड्याचा रस्सा का नाही?" प्रश्न चांगला आहे. आंबटपणा या जिवाणूला रोखतो, आणि अंड्याच्या रश्शात आपण सोलं घालत नाही, तो आंबट नसतो. पण दोन सोलांनी किती आंबट झालं हे कुणी मोजत नाही, म्हणून आमटीलाही मी हाच नियम लावीन.

आणखी एकीचा प्रश्न होता विजेचा. पावसात लाईट गेली तर? दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर आतला रस्सा ओतून द्या. फ्रिजच नसेल तर अंड्याचा रस्सा उरवायचाच नाही. पाहुणे मोजा, अंडी मोजा, आणि कमी पडलंच तर चार अंड्यांचं ऑम्लेट घालायला दहा मिनिटं लागतात.