पदराच्या जोडापाशी

नमस्कार मंडळी. आज एक गोष्ट सांगते. आमच्या बेळगावच्या शहापुरातली, साडीच्या दुकानातली. मला फार आवडते ही, त्यामुळे अर्धा वेळ तीच खाणार.

त्याआधी इरकलीचं एवढंच ध्यानात ठेवा. हातमागाच्या अस्सल इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. बहुतेक वेळा अंग सुती, पदर लाल रेशमी, आणि दोन्ही ताण्यांचे धागे फासात फास अडकवून जोडतात. त्याला टोपतेणी म्हणतात. साडी उलटी करून जोडापाशी बघितलं की फासांची बारीक रेघ दिसते. नकलेत ताणा एकच, त्यामुळे पदराच्या लालात अंगाचा रंग डोकावतो आणि लाल मळकट वाटतो. परत सांगते, उलट्या बाजूनं, जोडापाशी बघा. म्हणून मला मोबाईलवर इरकल घेणं पटत नाही, फोटो उलटा करून बघता येतो काय?

तर गोष्ट. मुलीला शारदा म्हणू. वडलांचं दुकान, गादीवरचं, जुनं. ही कॉलेज करून दुपारी बसायची, घड्या घालायची. आणि एक गिऱ्हाईक होता, तिशीतला, महिन्यातनं दोन-तीनदा यायचा, इरकलीचा गठ्ठा सोडायला लावायचा, तासभर बघायचा आणि एखादा खण घेऊन जायचा, कधी तोही नाही. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या काकी एक दिवस म्हणाल्या, "शारदे, तो साड्या बघालाय की तुला?" झालं. मुलगी दुकानात बसली की लोकांना हेच सुचतं, ती हिशोब किती चोख ठेवते ते कुणाला दिसत नाही, मला याचा फार राग येतो.

पण शब्द कानात गेला की गेला. तो आला की हिचं लक्ष हातातल्या घडीवर राहीना. तो बघतोय ते तोंडाकडं की कापडाकडं? हिनं पदर उचलला की मान वर करतो, हे खरं होतं. बघालायच की मग, असं वाटायचं, आणि खोटं कशाला सांगू, तिला ते बरंही वाटायचं.

पण पोरगी दुकानदाराची. दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीत बसली आणि वडलांना गादीवर बसवलं. तो आला, तेवढाच वेळ बसला, तेवढ्याच साड्या उलट्या केल्या, हिची चौकशीसुद्धा नाही. पुढच्या खेपेला हिनं चांगल्या साड्यांच्या मधे एक पॉवरलूमची घातली. त्यानं ती जोडापाशी उलटी केली आणि लगेच बाजूला सारली. बाकीच्यांवर मात्र काठाजवळ अंगठा फिरवत बसला.

तेव्हा तिनं विचारलं, "काय शोधालाय ओ तुम्ही?"

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "आई तिकडं इरकलीच्या गावात, इलकलला, पदर जोडायची. काठाजवळच्या शेवटच्या फासात एक धागा जास्त घालायची, का ते तिचं तिलाच माहीत. जोडलेली प्रत्येक साडी विकली गेली, स्वतःला एक ठेवली नाही. आता तिला दिसत नाही. बोटाला कळेल म्हणून एक शोधालोय."

शारदाला काय वाटलं असेल! हायसं वाटलं, आणि कुठंतरी टोचलंही. दोन्ही एकदम. लाज वाटली असं मी म्हणणार नाही, तिनं काही वाकडं केलं नव्हतं, विचार केला आणि तपासून बघितलं.

मग तीच प्रत्येक नव्या गठ्ठ्याचे जोड बघायला लागली, अंगठ्याखाली काठाजवळचा फास जाड लागतो काय ते. आणि जुन्या साड्यासुद्धा, म्हाताऱ्या बायका बदलायला किंवा काठ विकायला आणायच्या त्या. पुढच्या महिन्यात तिनं तीन साड्या बाजूला काढून ठेवल्या. त्यानं प्रत्येकीवर डोळे मिटून अंगठा फिरवला. तिन्ही नव्हत्या. दोघीतिघी विणकरणी अशाच सवयीच्या असणार.

आधी तो कधीही यायचा, सोमवारी, गुरुवारी, कुठल्याही वेळी. त्या दिवशी चप्पल घालता घालता थांबला आणि म्हणाला, "तुम्ही दुपारीच असता काय दुकानात?"

जोड ओळखणारी माणूस म्हणून विचारलं असेल. तिनं "हो" म्हटलं आणि तिन्ही साड्यांच्या घड्या परत घालायला घेतल्या. काकी शेजारून बघत होत्याच.

चला मंडळी, नमस्कार.